वारस यादीत शोभा, आधारवर वैशाली: लग्नात बदललेल्या नावाची कागदोपत्री सांगड

लग्नात मुलीचे आडनाव बदलते तेव्हा तिच्या नावाचा एक भाग बदलतो, पण पहिले नावच बदलले तर कागदावर दुसरीच व्यक्ती उभी राहते. हा फरक मला माझ्या वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारस नोंद करताना नीट उमगला. ज्यांच्या घरात आई, काकू, आत्या किंवा सून यांचे नाव लग्नात बदललेले आहे आणि ज्यांना आज ना उद्या ही दोन नावे जोडून दाखवावी लागणार आहेत, त्यांच्यासाठी तो अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. जन्माच्या नोंदीत, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर माझे नाव शोभा दत्तात्रय आणि त्यापुढे माहेरचे आडनाव असे आहे. मे १९९३ मध्ये लग्न झाले. सासरी माप ओलांडून आत आल्यावर लक्ष्मीपूजन झाले, तांदूळ पसरलेले ताट समोर ठेवले गेले आणि ह्यांनी सोन्याच्या अंगठीने त्यात ‘वैशाली’ असे लिहिले. नाव सासूबाईंनी आधीच ठरवले होते, कारण थोरल्या जाऊबाईंचे नावही शोभाच होते आणि एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, असे सर्वांचे मत होते. ताटातले नाव सर्वांना दाखवले, साखर वाटली आणि त्या दिवसापासून मी वैशाली झाले. मला हे नाव आवडले होते आणि आजही आवडते. नाव बदलण्याच्या प्रथेबद्दल माझे मत पुढे ओघाने येईलच, पण त्या दिवशी माझ्यावर काही लादले जात आहे असे मला वाटले नव्हते, हे आधी नोंदवते.

त्या काळी या बदलाचा कोणताही कागद होत नसे. लग्नाची नोंदणीही आमच्या भागात फारसे कोणी करीत नसे, लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम एवढाच काय तो पुरावा. ताटातले नाव सरकारी दप्तरात शिरले ते रेशनकार्डाच्या वाटेने. मुलीचे लग्न झाले की माहेरच्या रेशनकार्डावरून तिचे नाव कमी करतात आणि तसा दाखला देतात. तो दाखला दाखवून सासरच्या कार्डावर तिचे नाव वाढवले जाते. माझ्या दाखल्यावर अर्थातच ‘शोभा’ होते. मामंजींनी नाव वाढवण्याच्या अर्जात ‘वैशाली अशोक’ लिहिले, दाखला सोबत जोडला आणि कारकुनाने कुटुंबप्रमुखाच्या सांगण्यावरून तेच नाव कार्डावर चढवले. माझी दोन्ही नावे शेजारी शेजारी असलेला तो एकमेव शासकीय अर्ज होता, पण त्याची प्रत ना आमच्याकडे राहिली, ना इतक्या वर्षांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत सापडली.

पुढचे सगळे कागद त्या रेशनकार्डातून जन्मले. मतदार यादी, निवडणूक ओळखपत्र, बँकेचे खाते, बचत गटाचे पुस्तक आणि पुढे आधारसुद्धा. दोन्ही मुलांच्या शाळेच्या दाखल्यांवर आईचे नाव वैशाली लागले. एकाही कार्यालयाने मला कधी अडवले नाही, कारण प्रत्येकाने आधीच्या कागदावरचे नाव पाहून पुढचा कागद केला होता. साखळी सलग होती, फक्त तिची सुरुवात १९९३ मध्ये होत होती आणि त्याआधीच्या वीस वर्षांशी तिचा कुठेही सांधा नव्हता.

वडील २०२२ मध्ये गेले. मागे आई, दोन भाऊ आणि मी. भावांनी कोणताही आडपडदा न ठेवता वारसांच्या यादीत माझे नाव घातले, आणि ते घरच्या सवयीने ‘शोभा’ असे घातले. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाचे आधार असे कागद तलाठी कार्यालयात दिले. तलाठीभाऊसाहेबांनी यादी आणि आधार शेजारी ठेवून मला विचारले, “ताई, यादीत मुलगी शोभा आहे आणि समोर वैशाली उभ्या आहेत. नोंद कोणाची घेऊ?” थोरला भाऊ लगेच म्हणाला, “अहो, ही आमची सख्खी बहीण आहे, सगळ्या गावाला माहीत आहे.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “गावाला माहीत आहे, मलाही पटतंय. पण फेरफार मंजूर करणारे मंडळ अधिकारी कागद बघणार.”

त्यांचे म्हणणे मला तेव्हाही योग्य वाटले आणि आजही वाटते. वारसाची नोंद आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, घेतली जाते. मग हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नावे येतात. ‘शोभा’ नावाने नोंद झाली असती तर त्या दिवसापुरते काम झाले असते, पण पुढे हक्कसोड, वाटप, विक्री किंवा भूसंपादनाचा मोबदला यांपैकी काहीही आले की दुय्यम निबंधक किंवा बँक ओळखपत्र मागणार आणि शोभाच्या नावाचे ओळखपत्र जगात कुठेच नव्हते. उलट थेट ‘वैशाली’ नावाने नोंद घेतली असती तर दत्तात्रय यांना वैशाली नावाची मुलगी होती हे दाखवणारा कागद लागला असता. तोही नव्हता.

किंवा जवळजवळ नव्हता. घरी येऊन सगळे कागद पुन्हा काढले तेव्हा पॅनकार्डाने आश्चर्याचा धक्का दिला. पॅनच्या अर्जात विवाहित स्त्रीलाही वडिलांचे नाव भरावे लागते आणि कार्डावर सहसा तेच छापले जाते. त्यामुळे माझ्या पॅनकार्डावर वर ‘वैशाली अशोक’ आणि खाली वडील म्हणून ‘दत्तात्रय’ व माहेरचे आडनाव असे छापलेले होते. माझ्या सगळ्या कागदांत सासर आणि माहेर एकत्र असलेला हा एकच कागद निघाला. केवळ त्यावर नोंद होणार नव्हती, कारण शोभा हे नाव त्यावरही नव्हते, पण पुढच्या प्रत्येक कार्यालयात तो कागद पहिला पुढे केल्याने समोरच्याचा विश्वास बसायला मदत झाली. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी आईचे किंवा आत्याचे पॅनकार्ड आधी काढून पाहावे.

आता खरा निर्णय होता तो असा की, पुढे कोणते नाव ठेवायचे. एका वकिलांनी सुचवले की जन्माची आणि शाळेची नोंद बदलता येत नाही, म्हणून बाकीचे सगळे कागद ‘शोभा’ करून घ्यावेत, म्हणजे पाया आणि इमारत एक होईल. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. जन्माच्या नोंदीत दुरुस्ती होते ती मुळात चुकीच्या लिहिलेल्या मजकुराची. लग्नात नाव बदलले म्हणून जन्माची नोंद चुकीची ठरत नाही आणि शाळेचा दाखलाही शाळा सोडतानाचे नावच सांगणार. पण माझ्या बाबतीत या सल्ल्याला एक मोठी अडचण होती, आणि ती मुलांची. दोघांच्या जन्मदाखल्यांवर, शाळेच्या कागदांवर आईचे नाव वैशाली आहे. मी शोभा झाले असते तर माझा सांधा जुळला असता, पण मुलांचा आईशी असलेला कागदोपत्री सांधा निखळला असता आणि तीच कसरत पुढे त्यांना करावी लागली असती. म्हणून मी वैशालीच राहायचे ठरवले. नाव आवडते म्हणून हा निर्णय सोपा गेला हे खरे, पण तो घेतला मुलांच्या कागदांकडे पाहून. ज्या स्त्रीला मुले नाहीत, किंवा जिची पदवी, नोकरी आणि निवृत्तिवेतन माहेरच्या नावाने आहे, तिने उलट निर्णय घेणे शहाणपणाचे ठरू शकते.

यानंतर तीन कागद तयार करावे लागले, आणि त्यांतला प्रत्येक वेगळे काम करतो, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

पहिला कागद विवाह नोंदणीचा. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी नोंदणी करता येते. आमच्या वेळी ग्रामीण भागात ग्रामसेवक हेच विवाह निबंधक होते. विहित नमुन्यातल्या ज्ञापनावर आम्हा दोघांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्यांची जागा असते. आमचे गुरुजी हयात नव्हते, तेव्हा तसे प्रतिज्ञापत्रात नमूद करावे लागले. लग्नपत्रिका मात्र आईने ट्रंकेत जपून ठेवली होती आणि तिच्यावर ‘चि. सौ. कां. शोभा’ असे छापलेले होते. वयाच्या आणि नावाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत शाळेतून आणली. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा त्यावर वधूचे नाव अर्थातच शोभा दत्तात्रय होते.

इथे मी थांबून एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण पुष्कळांचा गोंधळ इथेच होतो. विवाह प्रमाणपत्र सांगते की शोभा दत्तात्रय आणि अशोक यांचे लग्न झाले. त्यावरून शोभा दत्तात्रय ही ‘शोभा अशोक’ झाली आणि तिने सासरचे आडनाव लावले, हे कोणालाही समजते, कारण पतीचे नाव आणि आडनाव त्याच कागदावर असते. म्हणून केवळ मधले नाव आणि आडनाव बदलायचे असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह प्रमाणपत्र पुरते. पण ‘वैशाली’ हा शब्द त्या कागदावर कुठेही येत नाही. अशोक यांच्या पत्नीचे नाव वैशाली आहे हे सासरच्या कागदांवरून कळते, अशोक यांचे लग्न शोभाशी झाले हे प्रमाणपत्रावरून कळते, आणि या दोन वाक्यांतून शोभा म्हणजेच वैशाली असे आपण मनाशी म्हणतो. कार्यालय तसे म्हणू शकत नाही. पहिली पत्नी शोभा आणि दुसरी वैशाली असाही त्याचा अर्थ निघू शकतो. मला हे एका कारकुनाने तोंडावर सांगितले तेव्हा वाईट वाटले, पण वारसाहक्कात असे खरेच होत असल्यामुळे त्यांची शंका गैर नव्हती.

दुसरा कागद राजपत्राचा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव बदलल्याच्या जाहिराती छापल्या जातात. शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय हे काम करते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जात जुने नाव आणि नवे नाव यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. जुन्या नावाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला आणि लग्नाचे प्रमाणपत्र, नव्या नावासाठी आधार, असे मी जोडले. जुने नाव लिहिताना दाखल्यावर जसे आहे तसेच अक्षरन्‌अक्षर लिहावे. आमच्या वडिलांचे नाव कुठे ‘दत्तात्रय’ आहे, कुठे ‘दत्तात्रेय’ आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी कुठे ‘ए’ आहे, कुठे नाही. अर्ज भरून देणाऱ्या मुलाने सवयीने ‘दत्तात्रेय’ टाइप केले होते. सबमिट करण्याआधी मी दाखला हातात धरून वाचले म्हणून ते वेळीच दिसले. एकदा छापून आलेली जाहिरात खोडता येत नाही, दुरुस्तीसाठी पुन्हा जाहिरात द्यावी लागते.

राजपत्राबद्दल लोकांच्या मनात फार मोठी कल्पना असते. राजपत्रात नाव आले म्हणजे शासनाने ते तपासून मान्य केले, असे समजले जाते. प्रत्यक्षात या जाहिरातींच्या सुरुवातीलाच सूचना छापलेली असते की, मजकूर अर्जदाराच्या अर्जावर आधारलेला असून कागदपत्रांची पडताळणी केलेली नाही आणि त्याच्या सत्यतेची जबाबदारी शासनावर नाही. म्हणजे राजपत्र ही आपणच केलेली, पण सर्वांना दिसेल अशा ठिकाणी छापलेली जाहीर घोषणा असते. तिचे मोल आहे ते या जाहीरपणात. अंक प्रसिद्ध झाल्यावर त्यातले मुखपृष्ठ आणि आपले नाव असलेले पान अशी दोन्ही पाने छापून ठेवावीत, कारण नुसते नावाचे पान दिले तर अंकाची तारीख कोणती, हा प्रश्न पुन्हा येतो.

आणि ही तारीख हाच तिसऱ्या कागदाचा, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा, विषय आहे. माझे राजपत्र २०२३ चे आहे. ते एकटेच वाचले तर असे दिसते की शोभा २०२३ मध्ये वैशाली झाली. मग १९९५ चे निवडणूक ओळखपत्र, मुलांच्या जन्माच्या नोंदी, बँकेचे जुने खाते, या सगळ्यांवरची वैशाली कोण? आताचे कागद जोडताना मागचे तुटायची वेळ आली होती. हे माझ्या लक्षात आणून दिले ते तहसील कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका वयस्क अर्जलेखकांनी. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मजकूर बदलून दिला. आधीच्या मसुद्यात ‘मी माझे नाव शोभा ऐवजी वैशाली असे बदलले आहे’ एवढेच होते. त्यांनी लिहिले की, ‘माझे जन्मनाव शोभा दत्तात्रय असून मे १९९३ मध्ये माझा विवाह झाला, विवाहप्रसंगी रूढीप्रमाणे सासरी माझे नाव वैशाली असे ठेवण्यात आले, तेव्हापासून आजतागायत मी वैशाली अशोक याच नावाने ओळखली जाते व सर्व व्यवहार करते, आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझी आहेत.’ त्याखाली दोन्ही भावांनी आणि आईने संमतीच्या सह्या केल्या. मजकुरात प्रथेचा स्पष्ट उल्लेख केल्याचा मोठा उपयोग झाला. महाराष्ट्रात ही रीत माहीत नसलेला महसूल कर्मचारी विरळा, त्यामुळे बदलाचे कारण वाचताच समोरच्याच्या मनातली शंका निम्मी होत असे.

अल्बममध्ये तांदळाच्या ताटाचा एक फोटो आहे आणि त्यात ‘वैशाली’ ही अक्षरे वाचता येतात. धाकट्या भावाने तो जोडण्याचा आग्रह धरला होता. अर्जलेखकांनी तो प्रेमाने पाहिला आणि परत दिला. फोटोत ताट होते, माणसे होती, पण शोभा हे नाव नव्हते, आणि पुराव्याला दोन्ही नावे एकत्र लागतात.

या तीन कागदांनिशी वारस नोंदीचा अर्ज नव्याने दिला. यादीत माझे नाव ‘वैशाली अशोक (पूर्वाश्रमीच्या शोभा दत्तात्रय)’ असे दोन्ही आडनावांसह लिहिले. नोटीस निघाली, मुदतीत कोणाची हरकत आली नाही आणि फेरफार प्रमाणित झाला. सातबारा हाती आला तेव्हा पाहिले, तर त्यावर फक्त ‘वैशाली अशोक’ एवढेच नाव होते, कंसातला मजकूर नव्हता. तलाठीभाऊसाहेबांनी सांगितले की दोन नावांचा संबंध फेरफाराच्या मजकुरात नोंदवला गेला आहे आणि सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक आहे, त्यावरून तो कधीही काढता येईल. म्हणून मी प्रमाणित फेरफाराची स्वतंत्र नक्कल घेतली. सातबारा मिळाला की लोक फेरफाराकडे पाहतही नाहीत, पण आमच्यासारख्यांच्या बाबतीत जपायचा कागद तोच आहे. शोभा आणि वैशाली एकच आहेत हे महसूल अधिकाऱ्याच्या सहीनिशी सांगणारा तो आता माझ्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

वडिलांच्या बँकेतल्या ठेवीवर ‘मुलगी शोभा’ असे नामनिर्देशन होते. तिथे याच तीन कागदांवर फार वेळ न जाता काम झाले.

हे सगळे चालू असताना माझ्या पुतणीचे लग्न ठरले आणि तिच्या सासरकडून नाव बदलण्याचा विषय आला. तिची स्थिती माझ्यापेक्षा अगदी उलट होती. माझ्या वेळी लग्नाआधीचे मोजकेच कागद होते आणि बाकीचे सगळे लग्नानंतर झाले. तिचे आधार, पॅन, पदवी, बँक खाते आणि नोकरीतला भविष्य निर्वाह निधी हे सगळे जन्मनावाने आधीच झालेले. तिचे पहिले नाव कागदावर बदलायचे तर आधी राजपत्र, मग आधार, मग पॅन आणि नंतर बँक असा क्रम लागतो, कारण पुढचे प्रत्येक कार्यालय आधारवरच्या नावाशी आपले नाव ताडून पाहते आणि आधार व पॅनमध्ये फरक पडला की दोन्हींची जोडणी अडते. आधारमधले नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्याहून जास्त वेळा बदलायचे असल्यास अपवाद म्हणून वेगळी परवानगी मागावी लागते. त्यांतली एक संधी लग्नाच्या उत्साहात खर्च करताना मुलीने पुढचा विचार केलेला असावा. आणि इतके करूनही पदवीचे प्रमाणपत्र जुन्याच नावाचे राहणार, म्हणजे राजपत्राचे पान जन्मभर सोबत बाळगावे लागणार.

मी तिच्या सासूबाईंशी बोलले. प्रथेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नव्हता, तेव्हा मी त्यांना माझी फाइलच दाखवली. लग्नानंतर स्त्रीने पहिले नाव काय, आडनावही बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ताटात आम्ही आमच्या आवडीचं नाव लिहू, घरात त्याच नावाने हाक मारू. कागदावर ती आहे तीच राहू दे.” माझ्या मते आजच्या काळात हाच मार्ग सर्वांत योग्य आहे, फक्त एक पथ्य पाळावे लागते. घरातले नाव घरातच ठेवायचे. रेशनकार्डात नाव वाढवताना, दवाखान्यात बाळंतपणासाठी नाव घालताना आणि बाळाच्या जन्माच्या नोंदीत आईचे नाव देताना घरातली वडीलधारी माणसे सहज सवयीचे नाव सांगून जातात, आणि दुसऱ्या साखळीची पहिली कडी तिथेच तयार होते. बाळाच्या जन्माची नोंद तर विशेष जपावी. दवाखान्याच्या अर्जावर आईचे जे नाव लिहिले जाते तेच पुढे दाखल्यावर येते, म्हणून तो अर्ज आईने स्वतः, आधार समोर ठेवून भरावा.

ज्यांच्या घरी नाव आधीच बदलून गेले आहे आणि कागद दोन्हीकडे विखुरले आहेत, त्यांनी वारस नोंदीची वेळ येण्याची वाट पाहू नये असे मला मनापासून वाटते. आई-वडील हयात असताना त्यांच्या सहीचे प्रतिज्ञापत्र मिळते. त्यांच्यामागे ती सही भावंडांकडून मिळवावी लागते, आणि जमिनीचा विषय निघाल्यावर सगळीच भावंडे माझ्या भावांसारखी वागतील असे नाही. हरकतीच्या मुदतीत ‘शोभा नावाची आमची बहीण आहे, वैशालीला आम्ही ओळखत नाही’ असे एखाद्याने लिहून दिले तर नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते आणि तिथे पुराव्याचा सगळा भार त्या बहिणीवर पडतो. शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रतही शाळा चालू आहे आणि जुने रजिस्टर शाबूत आहे तोवरच मिळते. माझ्या शाळेच्या रजिस्टरची पाने कडांनी झिजलेली होती आणि मुख्याध्यापकांनी ती फार काळजीने उलटली.

माझ्या फाइलीत आता शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, राजपत्राची दोन पाने, पॅनची छायाप्रत आणि प्रमाणित फेरफार एवढे कागद लग्नाच्या आधीपासून आजपर्यंत तारखांच्या क्रमाने लावलेले आहेत. दोन्ही मुलांना ती फाइल एकदा उघडून, एकेक कागद काय सांगतो ते समजावून दिले आहे. खटावच्या त्या जमिनीत पुढे त्यांची नावे लागतील तेव्हा त्यांच्या कागदांवर आई वैशालीच असेल, पण आजोबांच्या जुन्या नोंदींपर्यंत त्यांना मागे जावे लागले तर शोभा कोण हे सांगायला मी नसेन, म्हणून फेरफाराचा क्रमांक आणि तारीख फाइलीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवली आहे.